फोटोतला तक्ता आणि 2.26 ची ऑर्डर

रात्री साडेदहाच्या सुमारास चोपडा, यावल नाहीतर शहाद्याकडच्या बारावीच्या एखाद्या मुलाचा फोटो ग्रुपवर येऊन पडतो. झेरॉक्सचं पान, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, डाव्या कोपऱ्यात अंगठा. मधे केमिकल कायनेटिक्सचा तक्ता: दोन पदार्थांची संहती आणि सुरुवातीचा वेग, अशा चार ओळी. खाली मेसेज: "सर, ऑर्डर 2.26 येतेय. ऑप्शनमध्ये नाहीच."

त्याचं गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. चुकलेला असतो तो फोटोतून वाचलेला एखादा आकडा, आणि तो नेमका कोणता हे तक्ताच सांगू शकतो. कसं, ते एका प्रश्नावर शेवटपर्यंत करून दाखवतो. आधी फोटोचं बघू, कारण गडबड तिथेच सुरू होते.

सगळा रकाना बिघडला तर चालतं, एक घर बिघडलं तर नाही

उदाहरणासाठी ही अभिक्रिया घेऊ:

```
2NO + 2H2 → N2 + 2H2O
rate = k [NO]^x [H2]^y
```

x म्हणजे NO च्या बाबतीतली ऑर्डर, y म्हणजे H2 च्या बाबतीतली, आणि दोघांची बेरीज म्हणजे एकूण ऑर्डर. तक्त्यातल्या सगळ्या ओळी एकाच तापमानाच्या असतात, म्हणून k सगळीकडे तोच. एका ओळीच्या वेगाला दुसऱ्या ओळीच्या वेगाने भागलं की k उडून जातो. उरतं ते एवढंच: संहती किती पट झाली आणि वेग किती पट झाला.

ऑर्डर पटींवर ठरते, ही गोष्ट फोटोच्या बाबतीत फार कामाची आहे. वेगाच्या रकान्याच्या डोक्यावरचा 10⁻⁴ फोटोत कापला गेला, तरी तो सगळ्या ओळींना सारखाच लागू असल्यामुळे भागाकारात उडतो. मिनिट की सेकंद हे दिसत नसलं तरी तेच. ऑर्डर बरोबरच येते, k मात्र चुकतो. तक्त्यात एकूण अभिक्रियेचा वेग न देता NO नाहीसा होण्याचा वेग दिला असेल, तर तो अभिक्रियेच्या वेगाच्या दुप्पट असतो, कारण समीकरणात 2NO आहे. तिथेही ऑर्डरला धक्का लागत नाही, k निम्मा की पूर्ण एवढाच प्रश्न उरतो.

एकाच घरातला एकच अंक चुकीचा वाचला गेला तर मात्र त्या ओळीची पट बिघडते आणि ऑर्डरही जाते. म्हणून फोटो बघताना पहिला प्रश्न हा: नीट दिसत नाही ते सगळ्या रकान्याचं आहे की एकाच घराचं? रकान्याचं असेल आणि प्रश्न फक्त ऑर्डरचा असेल, तर पुढे जायला हरकत नाही. घराचं असेल तर थांबायचं.

रकान्याच्या बाबतीत एक अपवाद आहे. डोक्यावरची नावंच कापली गेली, कोणता रकाना NO चा आणि कोणता H2 चा हे कळेना, तर एकूण ऑर्डर बरोबर निघते पण वेगवेगळ्या ऑर्डरी कोणाच्या नावावर टाकायच्या ते कळत नाही. अशा वेळी "2NO आहे म्हणजे मोठी ऑर्डर NO चीच असणार" असा अंदाज बांधू नये. समीकरणातले आकडे ऑर्डर ठरवत नाहीत. याच अभिक्रियेत H2 च्या पुढेही 2 आहे, तरी त्याची ऑर्डर 1 आहे, हे खाली दिसेलच.

फोटो काढताना

पान सपाट हवं. जाड मॉड्यूल मधून फुगलेलं असतं, त्यामुळे शिवणीजवळच्या ओळी वर चढतात आणि तिसऱ्या ओळीचा वेग दुसऱ्या ओळीसमोर आल्यासारखा दिसतो. पानावर हात दाबून धरावा, मोबाईल पानाच्या बरोब्बर वर, समांतर. दिवसा खिडकीजवळचा उजेड सगळ्यात चांगला. गुळगुळीत कागदावर फ्लॅश लावला की मधला भाग पांढरा फटक होतो, आणि तो नेमका तक्त्यावरच येतो.

दोन फोटो काढावेत. एकात पूर्ण प्रश्न यावा: समीकरण, तक्त्याचं डोकं, एककं आणि चारही ऑप्शन. दुसरा फक्त तक्त्याचा, जवळून, घातांक वाचता येईल इतका. पातळ झेरॉक्सच्या मागची छपाई पुढे उमटत असेल तर पानाखाली काळा कागद ठेवावा, मागचं दिसणं बंद होतं. खरंच.

स्कॅनरचं ॲप वापरत असाल तर काळा-पांढरा फिल्टर लावू नका. तो पान चकचकीत करतो, पण फिकट दशांशचिन्ह आणि घातांकातली बारीक वजाची रेघ डाग समजून पुसून टाकतो. रंगीत किंवा राखाडीच ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि सगळ्यात आधी जातात ते घातांक. त्याऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, निदान एचडी तरी निवडा.

वहीत उतरवताना

फोटोकडे बघत थेट भागाकार करू नये. आधी तक्ता वहीत उतरवायचा, आणि उतरवताना सगळे वेग एकाच घातात आणायचे. आपला तक्ता छापील पानावर असा आहे:

```
ओळ   [NO]     [H2]     rate
     mol/L    mol/L    mol L⁻¹ s⁻¹
1    0.010    0.015    3.6 × 10⁻⁴
2    0.020    0.015    1.44 × 10⁻³
3    0.020    0.045    4.32 × 10⁻³
4    0.030    0.030    6.48 × 10⁻³
```

पहिली ओळ 10⁻⁴ मध्ये, बाकीच्या 10⁻³ मध्ये. पेपर काढणारे हे मुद्दाम करतात. घाईत 1.44 ला 3.6 ने भागलं की 0.4 येतं, म्हणजे NO दुप्पट केला आणि वेग कमी झाला, असा उलटाच निष्कर्ष निघतो. म्हणून सगळे वेग 10⁻⁴ मध्ये लिहू: 3.6, 14.4, 43.2, 64.8. या चार आकड्यांशीच पुढचं सगळं काम आहे.

रकान्याच्या डोक्यावरचा घात कसा वाचायचा याबद्दल थोडं. डोक्यावर "Rate × 10⁴" असं छापलं असेल आणि घरात 3.6 असेल, तर अर्थ असा की वेगाला 10⁴ ने गुणलं तेव्हा 3.6 आलं. म्हणजे खरा वेग 3.6 × 10⁻⁴. बरीच मुलं 3.6 × 10⁴ लिहून मोकळी होतात. ऑर्डर तरीही बरोबर येते, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि k 240 ऐवजी 2.4 × 10¹⁰ येतो. डोक्यावर चौकटीत नुसतं "10⁻⁴" असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी "घरातल्या आकड्याला 10⁻⁴ ने गुणा" असा अर्थ असतो. दोन्हींत खरा वेग एकच.

उतरवून झालं की प्रत्येक घराकडे परत एकदा बघायचं, आणि जिथे थोडीही शंका असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं. धूसर फोटोत 6 चा 0 होतो, 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो, 5 चा 6 होतो. ही प्रश्नचिन्हं पुढे उपयोगी पडतात.

आता गणित, पण फोटोतल्या आकड्यांनी

समजा फोटोत पहिल्या ओळीतला 6 पुसट आहे आणि मुलाने तो 0 वाचला. त्याच्या वहीत वेग असे आहेत: 3.0, 14.4, 43.2, 64.8. त्याला चूक माहीत नाही. तो काय करतो ते बघू.

H2 ची ऑर्डर काढायला NO स्थिर असलेल्या दोन ओळी हव्यात. ओळ 2 आणि 3 मध्ये NO दोन्हीकडे 0.020 आहे. H2 तिप्पट झाला आणि वेगही तिप्पट झाला:

```
43.2 / 14.4 = 3
(0.045 / 0.015)^y = 3^y = 3
y = 1
```

NO साठी H2 स्थिर असलेल्या ओळी 1 आणि 2:

```
14.4 / 3.0 = 4.8
(0.020 / 0.010)^x = 2^x = 4.8
x = log 4.8 / log 2 = 0.681 / 0.301 = 2.26
```

तोच तो 2.26. इथे मुलं दोन गोष्टी करतात. काही जण "2 च्या जवळ आहे" म्हणून 2 ला खूण करतात. या वेळी उत्तर बरोबर येतं, पण पुढच्याच प्रश्नात k विचारला की पहिली ओळ वापरून 200 काढतात. काही जण एकूण ऑर्डर 3.26 धरून ऑप्शन शोधत बसतात.

2.26 ला जवळपास 2 का म्हणायचं नाही? परीक्षेतले आकडे प्रयोगातल्यासारखे थोडे इकडेतिकडे असू शकतात, हे खरं. पट 3.9 किंवा 4.1 आली असती तर 4 धरायला हरकत नव्हती, दोन सार्थ अंकांत तेवढा फरक राहतो. पण 4 च्या जागी 4.8 म्हणजे वीस टक्के जास्त. परीक्षेचा तक्ता इतका वाकडा नसतो. इतका फरक दिसला की आकडा चुकीचा वाचला आहे, असं धरूनच पुढे जावं.

एक ओळ झाकून बघा

चार ओळी आहेत आणि शोधायच्या गोष्टी तीन: x, y आणि k. म्हणजे तीन ओळी पुरतात, चौथी जादा आहे. ही जादा ओळच साक्षीदार. पट्टीने एकेक ओळ झाकायची आणि उरलेल्या तीन ओळींवरून ऑर्डर काढायची. जी ओळ झाकल्यावर आकडे स्वच्छ येतात, ती ओळ खोटी.

चौथी झाकली तर वर केलं तेच: x = 2.26, y = 1. स्वच्छ नाही.

आता पहिली झाकू. उरल्या 2, 3 आणि 4. दुसरी आणि तिसरी वरून y = 1 हे आधीच आलं. x साठी तिसरी आणि चौथी घ्यायची, पण त्यांच्यात NO आणि H2 दोन्ही बदलले आहेत. इथे मुलं अडखळतात, "सर, स्थिर काहीच नाही" म्हणतात. घाबरायचं कारण नाही, y माहीत आहे ना, तो घालून टाकायचा:

```
64.8 / 43.2 = 1.5
[NO] ची पट = 0.030 / 0.020 = 1.5
[H2] ची पट = 0.030 / 0.045 = 2/3
1.5 = 1.5^x × (2/3)^1
1.5^x = 2.25
x = 2
```

2.25 म्हणजे 1.5 चा वर्ग. लॉग लागलाच नाही. x = 2, y = 1, एकदम स्वच्छ.

खात्रीसाठी दुसरी ओळ झाकून बघू. तिसरी आणि चौथीवरून, 2/3 म्हणजे 1.5 चा उलटा, म्हणून 1.5^(x − y) = 1.5, म्हणजे x − y = 1. पहिली आणि तिसरीत NO दुप्पट, H2 तिप्पट आणि वेग 43.2 / 3.0 = 14.4 पट. यातून y साधारण 1.1 आणि x साधारण 2.1 येतो. अर्धवट. तिसरी झाकली तर पहिली आणि दुसरी पुन्हा एकत्र येतात आणि 2.26 परत हजर. पहिली ओळ गणितात असेपर्यंत आकडे वाकडे, ती बाहेर काढली की सरळ. चोर सापडला.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण चांगली मुलंही तिथे फसतात. k तपासून खोटी ओळ पकडता येते हे त्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून ते 2.26 घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा k काढतात, दोन्ही सारखे येतात, आणि "जुळलं" म्हणतात. ते जुळणारच होतं. y त्याच दोन ओळींतून काढला आहे आणि NO दोन्हीकडे सारखा आहे, त्यामुळे x मध्ये काहीही घाला, दोन्ही k सारखेच येतील. ज्या ओळींतून ऑर्डर काढली त्यांचाच k एकमेकांशी जुळणं हा पुरावा होत नाही. पुरावा देते ती बाहेर राहिलेली ओळ.

ती बाहेरची ओळ आता तपासू. x = 2 आणि y = 1 घेऊन चौथ्या ओळीचा k:

```
k = 6.48 × 10⁻³ / (0.030² × 0.030)
  = 6.48 × 10⁻³ / 2.7 × 10⁻⁵
  = 240 L² mol⁻² s⁻¹
```

हाच k पहिल्या ओळीत घातला तर वेग यायला हवा 240 × 0.010² × 0.015 = 3.6 × 10⁻⁴. वहीत आहे 3.0. फोटो मोठा करून बघितला की त्या 0 च्या डावीकडे वरून आलेली बारीक शेपटी दिसते: तो 6 आहे.

शेवटची ही पायरी गाळायची नाही. गणिताने सुचवलेला आकडा आणि फोटोतला डाग यांचा आकार जुळला पाहिजे. 0 च्या जागी 6 पटतो. पण गणित 3.6 म्हणत असेल आणि फोटोत ठसठशीत 3.1 दिसत असेल, तर आकडा आपल्या मनाने बदलू नये. त्या वेळी छपाईची चूक असू शकते, किंवा आपणच दुसरी ओळ चुकीची उतरवली असू शकते. नवा फोटो मागवावा.

ऑर्डर किती वेडी आली त्यावरून चूक ओळखता येते

एखादा अंक चुकला तर ऑर्डर 2.26, 1.26, 1.8 अशी शेजारपाजारची येते. घातांक चुकला तर ती आभाळात जाते. चौथ्या ओळीतला 10⁻³ हा 10⁻⁸ वाचला, तर तिसऱ्या आणि चौथ्यावरून NO ची ऑर्डर वजा सव्वीसच्या पुढे जाते. असं काही आलं की अंकांकडे बघत बसू नका, सरळ घातांकाकडे जा. वजाची रेघ गेली असेल, नाहीतर 3 चा 8 झाला असेल.

पानाच्या फुगवट्याने ओळी सरकल्या असतील तर वेगळंच दिसतं: सगळ्याच जोड्या वाकड्या येतात, कुठलीही एक ओळ झाकून काही सुधारत नाही. फोटोवर मोबाईलमध्येच आडवी रेघ ओढावी आणि प्रत्येक वेग कोणत्या ओळीसमोर येतो ते परत बघावं.

आणि दोन ओळींत दोन्ही संहती सारख्याच, पण वेग वेगळे दिसले, तर गणित करायचंच नाही. उदाहरणार्थ तिसऱ्या ओळीतला 0.045 हा 0.015 वाचला गेला, तर दुसरी आणि तिसरी ओळ जुळ्या भावंडांसारखी होतात. त्याच तापमानाला, त्याच संहतीला दोन वेगळे वेग असू शकत नाहीत.

अर्धी ऑर्डर आली म्हणजे फोटो खराबच, असं मात्र नाही. ॲसिटाल्डिहाइडच्या विघटनाची ऑर्डर 3/2 आहे. क्लोरोफॉर्म आणि क्लोरीनच्या अभिक्रियेत Cl2 ची ऑर्डर 1/2 आहे. ओझोनच्या विघटनात तर O2 ची ऑर्डर −1 आहे, म्हणजे ऑक्सिजन वाढवला की वेग घटतो. म्हणून 0.5, 1.5, −1 हे आकडे आले तर त्यांना हाकलून देऊ नये. कॅल्क्युलेटर बोर्डातही नसतो आणि सीईटीतही नसतो, तेव्हा तीन पटी तोंडपाठ असाव्यात: संहती दुप्पट आणि वेग 1.41 पट म्हणजे ऑर्डर 1/2, वेग 2.83 पट म्हणजे 3/2, आणि वेग निम्मा म्हणजे −1. वेग हललाच नाही तर शून्य.

तीनच ओळी असतील तर

मग साक्षीदार नाही. तीन ओळी, तीन अज्ञात, जे येईल ते घ्यावं लागतं. तरी दोन आधार राहतात. एक, ऑर्डर पूर्ण किंवा अर्धी येते का. दुसरा, प्रश्नात k किंवा त्याचं एकक दिलं आहे का. एककातून एकूण ऑर्डर थेट वाचता येते: नुसतं s⁻¹ असेल तर 1, L mol⁻¹ s⁻¹ असेल तर 2, L² mol⁻² s⁻¹ असेल तर 3, आणि mol L⁻¹ s⁻¹ म्हणजे शून्य. आपल्या तक्त्याच्या तीनच ओळी असत्या आणि ऑप्शनमध्ये L² mol⁻² s⁻¹ दिसलं असतं, तर एकूण 3 हे पक्कं, y = 1 पक्का, म्हणून x = 2 असणारच, आणि 3.0 हा आकडा खोटा हेही ठरलं असतं. म्हणून वर म्हटलं, फोटोत ऑप्शन आले पाहिजेत.

वेगाऐवजी वेळ दिली असेल तर

प्रॅक्टिकलच्या वहीचे फोटो येतात तेव्हा तक्त्यात वेग नसतोच. सोडियम थायोसल्फेट आणि HCl च्या प्रयोगात फ्लास्कखाली काढलेली फुली दिसेनाशी होईपर्यंतचे सेकंद असतात. तिथे वेग 1/t च्या प्रमाणात धरतात, कारण दर वेळी गंधकाचा तेवढाच गढूळपणा यायला लागलेला तो वेळ आहे. वेळ निम्मी म्हणजे वेग दुप्पट. मुलं वेळेलाच वेग समजून भागतात आणि ऑर्डर −1 काढतात. वर म्हटलं तसं −1 ही खरी ऑर्डर असूही शकते, म्हणून ही चूक सहज खपून जाते. रकान्याच्या डोक्यावर एकक s आहे की s⁻¹, ते आधी बघा.

याच प्रयोगात संहतीऐवजी मिलिलिटर लिहिलेले असतात आणि फोटोत पाण्याचा रकाना कापला जातो. तो रकाना महत्त्वाचा आहे:

```
थायोसल्फेट   पाणी    HCl    t
10 mL        40 mL   5 mL   120 s
20 mL        30 mL   5 mL    60 s
40 mL        10 mL   5 mL    30 s
```

प्रत्येक ओळीत एकूण 55 mL. म्हणूनच 10 चे 20 mL केले की संहती बरोबर दुप्पट होते, वेळ निम्मी होते, ऑर्डर 1. पाणी घातलंच नसतं तर पहिल्या ओळीत 15 पैकी 10 आणि दुसऱ्या ओळीत 25 पैकी 20. थायोसल्फेटची संहती दुप्पट न होता 1.2 पटच झाली असती, आणि आम्लही त्याच दमात पातळ झालं असतं. पाण्याचा रकाना दिसत नसेल तर मिलिलिटरची पट संहतीची पट म्हणून वापरू नका, एकूण घनफळ काय होतं ते विचारा.

तक्त्यात फक्त एकच पदार्थ आणि समोर वेळ, 0 मिनिट, 10 मिनिट, 20 मिनिट असं असेल तर तो वेगळाच प्रश्न आहे, पटींची ही रीत तिथे लागू नाही. संहती दर 10 मिनिटांनी निम्मी होत असेल तर पहिली ऑर्डर. निम्मी व्हायला लागणारा वेळ दर खेपेला दुप्पट होत असेल तर दुसरी, आणि निम्मा होत असेल तर शून्य.

राहिलं तापमान. वरचं सगळं गणित k स्थिर आहे या एका गोष्टीवर उभं आहे. खोलीच्या तापमानाच्या आसपास बऱ्याच अभिक्रियांचा वेग १० अंश वाढले की साधारण दुप्पट होतो. मार्च-एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडच्या लॅबमध्ये सकाळी २८ अंश असतात आणि दुपारी ३८ सहज होतात. पहिल्या दोन ओळी सकाळी आणि 40 mL ची ओळ जेवणानंतर घेतली असेल, तर वेळ 30 च्या ऐवजी 15 सेकंदांच्या आसपास येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवरून ऑर्डर 2 निघते, पहिल्या आणि दुसऱ्यावरून 1. दोन्ही आकडे पूर्ण, दोन्ही स्वच्छ, आणि एकमेकांशी पटत नाहीत. फोटो कितीही मोठा केला तरी त्यात चुकलेला अंक सापडणार नाही. त्या मुलाला एवढंच विचारायचं: तिसरं रीडिंग किती वाजता घेतलं होतंस?